डोव्हरचा खटला: "दोन्ही बाजू शिकवा" म्हणणाऱ्यांचे युक्तिवाद आणि त्यांना मिळालेली उत्तरं

मेधा_कर्वेनगर

नमस्कार मंडळी, मी पुण्यात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. उत्क्रांतीचा धडा आला की दरवर्षी कोणीतरी पालक, कधी एखादा हुशार विद्यार्थीसुद्धा विचारतो की एकच बाजू कशाला शिकवता, दोन्ही सांगा आणि मुलांना ठरवू द्या की. ऐकायला इतकं रास्त वाटतं की पटकन नाही म्हणवत नाही. अमेरिकेत डोव्हर नावाच्या गावी हेच म्हणणं घेऊन लोक कोर्टात शपथेवर उभे राहिले, त्यांची उलटतपासणी झाली, सगळं रेकॉर्डवर आहे. त्यावर हा छोटा निबंध लिहिलाय. वाचा आणि जिथे पटत नाही तिथे सांगा.

डोव्हर हे पेनसिल्व्हेनिया राज्यातलं लहानसं गाव. तिथल्या स्कूल बोर्डाने ऑक्टोबर २००४ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी ठराव केला की मुलांना डार्विनच्या सिद्धांतातल्या त्रुटींची आणि 'इंटेलिजंट डिझाइन', म्हणजे जीव कोणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले, अशा पर्यायांची जाणीव करून द्यायची. मग नववीच्या बायोलॉजीच्या तासाला वाचून दाखवायला एक निवेदन तयार झालं, जेमतेम मिनिटभराचं. त्यात होतं की डार्विनचा सिद्धांत हे फॅक्ट नाही, त्यात गॅप्स आहेत, इंटेलिजंट डिझाइन हे जीवसृष्टीच्या उगमाचं वेगळं स्पष्टीकरण आहे, ज्याला रस असेल त्याच्यासाठी 'ऑफ पांडाज अँड पीपल' हे पुस्तक उपलब्ध आहे, मुलांनी मन मोकळं ठेवावं, आणि बाकी चर्चा ज्याने त्याने आपापल्या घरी करावी. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे वाचायला साफ नकार दिला, कारण विषय जाणूनबुजून चुकीचा मांडणार नाही असं त्यांच्या आचारसंहितेतच होतं. शेवटी जानेवारी २००५ मध्ये प्रशासनातल्या लोकांनी वर्गात येऊन ते वाचलं. त्याआधीच, डिसेंबरमध्ये, ११ पालकांनी दावा लावला होता.

बोर्डाच्या बाजूचा पहिला युक्तिवाद गॅप्सचा. यात तथ्य अजिबात नाही असं म्हणता येणार नाही, कारण जीवाश्मांची नोंद तुटक आहेच आणि कुठल्याही जिवंत विज्ञानात न सुटलेले प्रश्न असतातच. पण निवेदनात कुठला गॅप, कुठल्या प्राण्यांच्या वंशात, किती मोठा, यातलं काहीच नव्हतं. पालकांच्या बाजूने पुराजीवशास्त्रज्ञ केविन पॅडियन आले आणि त्यांनी त्या पांडा पुस्तकात जिथे जिथे मधले दुवे नाहीत असं लिहिलं होतं तिथले जीवाश्म एकेक करून कोर्टाला दाखवले, त्यात जमिनीवरच्या पूर्वजांपासून देवमाशांपर्यंतची मालिकासुद्धा होती. शिवाय न्यूटनच्या किंवा अणूच्या धड्याआधी असलं निवेदन नव्हतं, ते फक्त उत्क्रांतीच्याच वाट्याला आलं. मुलाच्या डोक्यात यातून काय जातं? याच एका धड्यात काहीतरी काळंबेरं आहे, एवढंच.

दुसरा युक्तिवाद जास्त तगडा आणि तो मांडणारा माणूसही बायोकेमिस्ट होता, मायकेल बेही. त्याचं म्हणणं असं की पेशीतल्या काही यंत्रणा इतक्या गुंतलेल्या आहेत की एक भाग काढला तरी सगळं बंद पडतं, मग त्या पायरीपायरीने घडतील कशा, अर्धवट यंत्रणेचा उपयोग काय? म्हणजे कोणीतरी बुद्धीने त्या घडवल्या. त्याची उदाहरणं होती बॅक्टेरियाचं पोहायचं शेपूट म्हणजे फ्लॅजेलम, रक्त गोठण्याची साखळी आणि रोगप्रतिकार यंत्रणा. याला उत्तर दिलं केनेथ मिलर यांनी, जे तिथल्याच शाळेत लागलेल्या बायोलॉजीच्या पुस्तकाचे सहलेखक आणि स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी दाखवलं की फ्लॅजेलमच्या तळाशी असणाऱ्या दहाएक प्रथिनांसारखीच प्रथिनं काही रोगजंतूंमध्ये सुईसारखं काम करतात, समोरच्या पेशीत विष टोचायला. म्हणजे बाकीचे भाग नसले तरी उरलेल्यांना काम असतं, वेगळं असतं इतकंच. रक्त गोठण्याच्या साखळीतला एक घटक डॉल्फिनमध्ये नाहीच, तरी त्यांचं रक्त गोठतं. रोगप्रतिकार यंत्रणेच्या उत्क्रांतीवर विज्ञानाकडे उत्तर नाही असं बेहीने पुस्तकात लिहिलं होतं, तर पालकांच्या वकिलांनी त्याच्यासमोर त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध, शिवाय काही ग्रंथ असा गठ्ठा ठेवला. तो म्हणाला की हे पुरेसं नाही. मला वाटतं खटल्यातला सगळ्यात बोलका क्षण हा होता, कारण प्रत्येक म्युटेशनचा पायरीपायरीने हिशेब मिळाल्याशिवाय कुठलाच पुरावा त्याला पुरेसा वाटणार नव्हता.

तिसरा युक्तिवाद न्याय्यपणाचा, म्हणजे आपल्या पालकांचाच. पण डोव्हरमध्ये नेमकं घडलं काय ते बघा. निवेदन वाचल्यावर मुलांना प्रश्न विचारायची मुभा नव्हती, शिक्षकांनीही त्यावर बोलायचं नव्हतं. दोन्ही बाजू तोलून बघा असं म्हणायचं आणि दुसऱ्या बाजूबद्दल एकही प्रश्न विचारू द्यायचा नाही, याला चर्चा कसं म्हणायचं? आणि समजा विचारू दिलं असतं तरी शिक्षकाने सांगायचं काय? बुद्धिमान रचनाकाराने रचना केली, ठीक, पण कधी, कशी, कुठल्या क्रमाने, आणि हे चुकीचं असेल तर आपल्याला कशावरून कळेल, यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. उलटतपासणीत बेहीने हेही मान्य केलं की इंटेलिजंट डिझाइनला आत घेणारी त्याची विज्ञानाची व्याख्या धरली तर फलज्योतिषही त्यात बसेल.

चौथा मुद्दा की यात धर्म नाहीच, रचनाकार कोण ते आम्ही सांगत नाही. इथे बार्बरा फॉरेस्ट या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिकेने त्या पांडा पुस्तकाचे जुने कच्चे खर्डे वाचून काढले होते. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये लुइझियानाचा कायदा रद्द केला होता, ज्यात उत्क्रांती शिकवली तर क्रिएशन, म्हणजे देवाने सृष्टी निर्माण केली हेही शिकवा अशी सक्ती होती. त्या निकालाआधीच्या खर्ड्यात 'क्रिएशन'ची व्याख्या होती की जीवांची रूपं एकदम, आपापल्या वैशिष्ट्यांसह अवतरली, मासे पर आणि खवल्यांसकट, पक्षी पिसं आणि चोचीसकट. निकालानंतरच्या खर्ड्यात व्याख्या तीच, फक्त 'क्रिएशन'च्या जागी 'इंटेलिजंट डिझाइन'. असे बदल सुमारे दीडशे ठिकाणी होते. एका ठिकाणी तर घाईत जुना शब्द नीट खोडलाच गेला नाही आणि 'सीडिझाइन प्रपोनंटसिस्ट्स' असं काहीतरी खर्ड्यात राहून गेलं, जुन्या शब्दाची दोन्ही टोकं शिल्लक आणि मध्ये नवा घुसवलेला.

न्यायाधीश जॉन जोन्स, रिपब्लिकन, राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच नेमलेले. २० डिसेंबर २००५ ला त्यांनी १३९ पानी निकाल दिला की इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही आणि बोर्डाचा हेतू धार्मिक होता. मला यातून जे दिसतं ते असं की "दोन्ही बाजू शिकवा" या मागणीला होय-नाही करण्याआधी दुसऱ्या बाजूचा धडा मागावा, प्रत्यक्ष धडा, प्रयोगासकट आणि प्रश्नांसकट. डोव्हरमध्ये सहा आठवडे खटला चालला आणि तो धडा काही पुढे आला नाही.

प्रसाद_कोथरूड

मेधाताई, लेख छान, पण तुम्ही एक बाजू जरा सोपी करून टाकलीत असं वाटतं. मी इंजिनिअर आहे, धार्मिक वगैरे नाही फारसा. पण पाठ्यपुस्तकांत भ्रूणांची चित्रं असतात ना, मासा, कासव, कोंबडी, माणूस सगळे सुरुवातीला सारखे दिसतात म्हणून, ती मूळ हेकेलची चित्रं आणि त्याने ती मुद्दाम सारखी काढली होती हे आता सिद्ध झालंय. शंभर वर्षं मुलांना ती शिकवली. हे काढून दाखवणारे क्रिएशनिस्टच होते. आणि दुसरं, कार्बन डेटिंग. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा डायनोसॉर म्हणतात आणि कार्बन डेटिंग जेमतेम पन्नास हजार वर्षांपर्यंतच चालतं, मग हे वय आलं कुठून? हे प्रश्न विचारले की लगेच माणसाला अंधश्रद्ध ठरवतात, हे काही बरोबर नाही.

श्रुती_पाषाण

प्रसाद, हेकेलबद्दल तू अर्धा बरोबर आहेस आणि तो अर्धा भाग महत्त्वाचा आहे. चित्रांत साम्य वाढवून दाखवलं होतं हे खरं, हेकेलवर त्याच्या हयातीतच टीका झाली होती. १९९७ मध्ये मायकेल रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या प्राण्यांच्या खऱ्या भ्रूणांचे फोटो शेजारी ठेवून दाखवलं की फरक बरेच आहेत. पण हे काम करणारे भ्रूणशास्त्रज्ञ होते, क्रिएशनिस्ट नव्हेत. क्रिएशनिस्टांनी ते नंतर उचललं आणि त्यावरून सगळी उत्क्रांतीच बनाव आहे असा निष्कर्ष काढला, जो रिचर्डसननी काढलेला नाही. भ्रूणांमध्ये साम्य आहेच, आपल्या भ्रूणातही घशाजवळ कमानी तयार होतात ज्यातून पुढे जबड्याचे आणि कानाचे भाग बनतात. जुनं चित्र काढून फोटो लावावा ही मागणी माझीपण आहे.

कार्बनबद्दल तुझा आकडा बरोबर आहे पण प्रश्नच उभा राहत नाही, कारण डायनोसॉरचं वय कार्बनवरून कोणी काढतच नाही. हाडाच्या वर-खाली ज्वालामुखीच्या राखेचे थर असतात, त्यातल्या खनिजांमधलं युरेनियम-शिसं किंवा पोटॅशियम-अरगॉन मोजतात. अडचण अशी की शाळेत उत्क्रांतीच्या धड्यात कालमापन म्हटलं की मुलांच्या लक्षात फक्त कार्बन राहतो आणि मग तुझ्यासारखा विचार करणारा माणूस तिथे अडखळतो. ही शिकवण्यातली खोट आहे, ती मान्य करायलाच हवी.

प्रसाद_कोथरूड

ओके, राखेचं माहीत नव्हतं. हेकेलचं श्रेय चुकीच्या माणसांना दिलं मी, मान्य. पण फ्लॅजेलमचं जे मेधाताईंनी लिहिलंय त्यावर मी वाचलंय की ती सुईवाली यंत्रणाच फ्लॅजेलमपासून नंतर आली असावी. मग पूर्वज म्हणून ती कशी दाखवता येईल?

श्रुती_पाषाण

हा खरंच चांगला प्रश्न आहे आणि डोव्हरमध्ये बोर्डाच्या बाजूचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्कॉट मिनिच जवळपास हेच म्हणाला होता. आजचे जनुकांचे वंशवृक्ष बघितले तर सुई ही फ्लॅजेलमच्या पूर्वजापासून फुटून निघाली असं दिसतं. पण मिलर यांचा मुद्दा सुई हा पूर्वज आहे असा नव्हता. बेहीचा दावा होता की भाग काढले की उरलेलं निकामी, तर उरलेलं निकामी नसतं याचं जिवंत उदाहरण दाखवलं की दावा पडला. फ्लॅजेलम प्रत्यक्षात कुठल्या पायऱ्यांनी बनला हा वेगळा प्रश्न आहे आणि तो पूर्ण सुटलेला नाही. माझ्या मते शिक्षकांनी हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, नाहीतर पोरं नेटवर जाऊन तुझ्यासारखं वाचतात आणि त्यांना वाटतं शिक्षकाने आपल्याला फसवलं.

बाणेरचा_बाबा

मेधा मॅडम, एक विचारायचं होतं. माझा मुलगा सीबीएसई दहावीला आहे, त्याच्या पुस्तकातून उत्क्रांती काढून टाकली आहे असं ऐकलं, तर मग नीटला हा पोर्शन येतो का नाही? त्याला क्लासवाल्यांनी सांगितलंय की हे सोडून दे. मोठ्या बहिणीचा मुलगा स्टेट बोर्डाला आहे आणि त्याच्या पुस्तकात मात्र आहे. नक्की काय करायचं?

मेधा_कर्वेनगर

दादा, सोडू नका. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असा धडा होता, तो कमी करून नुसता 'आनुवंशिकता' केला, २०२३ ला त्यावरून बरीच ओरड झाली. पण बारावीच्या बायोलॉजीत उत्क्रांतीचा पूर्ण धडा आहे आणि नीटच्या अभ्यासक्रमातही तो आहे. आपल्या स्टेट बोर्डाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे, त्यात अवशेषांगे, जोडणारे दुवे, डार्विन, लामार्क सगळं आलंय. भाच्याचं पुस्तक घ्या आणि मुलाला तेवढा धडा वाचायला द्या, भाषा सोपी आहे.

निखिल_हडपसर

एनसीईआरटीचं आणि डोव्हरचं एकाच ताटात वाढू नका प्लीज. तिथे धार्मिक बोर्डाने पर्याय घुसवला, इथे कोविडनंतर मुलांवरचा भार कमी करायला धडे छाटले असं एनसीईआरटीने सांगितलं, आणि बारावीला ठेवलंय की.

वसुधा_जोशी

निखिल, मी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. बारावीला ठेवलंय हे खरं, पण दहावीनंतर कॉमर्सला जाणारा, आर्ट्सला जाणारा, आयटीआयला जाणारा, अगदी सायन्स घेऊन बायोलॉजी सोडणारा, यांना तो धडा आयुष्यात परत कधी भेटणार? १८०० च्या वर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी एनसीईआरटीला पत्र लिहिलं त्यात हाच मुद्दा होता. हेतू वेगळा असेल, मी हेतूबद्दल बोलत नाही, पण वर्गातल्या मुलाच्या दृष्टीने निकाल एकच, त्याला ते कळलंच नाही.

आणि अजून एक. आपल्याकडे विरोध डोव्हरसारखा येत नाही. माझ्या वर्गात उत्क्रांती खोटी म्हणणारं मूल क्वचित, उलट "बाई हे तर आपल्या दशावतारात आहेच, आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह" असं अभिमानाने सांगणारी बरीच. मी त्यांना कधी रागावले नाही. मी विचारायचे, बरं, मग वामनानंतर परशुराम आणि परशुरामानंतर राम, या तिघांत शरीर कसं बदललं? मग ती गप्प बसायची आणि विचार करायची. श्रद्धेला धक्का न लावता मुलाला प्रश्नापाशी आणता येतं.

अ‍ॅड_शनिवारपेठ

कायद्याच्या बाजूने थोडं सांगतो, कारण डोव्हरचा निकाल लोक वाटतो त्यापेक्षा मोठा करून सांगतात. तो जिल्हा पातळीच्या फेडरल कोर्टाचा निकाल आहे, संपूर्ण अमेरिकेवर बंधनकारक नाही. अपील झालंच नाही, कारण निकालाआधी नोव्हेंबर २००५ मध्ये गावात निवडणूक झाली आणि ठरावाच्या बाजूचे जे आठ सदस्य उभे होते ते सगळे पडले, नव्या बोर्डाला अपिलात रस नव्हता. गावाला मात्र पालकांच्या वकिलांच्या फीपोटी दहा लाख डॉलर द्यायचं ठरलं. शिवाय न्यायाधीशांनी जी हेतू तपासणारी कसोटी वापरली, लेमन टेस्ट म्हणतात तिला, ती अमेरिकन सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या केनेडी निकालात सोडून दिली. म्हणजे आज तसाच खटला उभा राहिला तर युक्तिवाद वेगळ्या पायावर करावा लागेल. १९८७ चा लुइझियानाचा निकाल मात्र रद्द झालेला नाही.

मेधाताईंनी न लिहिलेली एक गोष्ट. प्रत्येक निकालानंतर क्रिएशनवाद्यांची मागणी बदलत गेलीय. १९२५ ला टेनेसीत शिक्षक स्कोप्सवर खटला झाला तेव्हा मागणी होती उत्क्रांती शिकवूच नका. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली, मग मागणी झाली दोन्हींना सारखा वेळ द्या. १९८७ ला तेही गेलं, मग देवाचं नाव न घेता रचनाकार म्हणा. डोव्हरनंतर रचनाकारही बाजूला आणि फक्त उत्क्रांतीच्या उणिवा शिकवा. म्हणून कुठलाही युक्तिवाद वाचताना तो कुठल्या वर्षीचा आहे ते आधी बघावं, तो कशाला चुकवण्यासाठी बनलाय ते लगेच दिसतं.

निखिल_हडपसर

मी फिलॉसॉफीत एमए करतोय, माझा आक्षेप निकालाच्या बरोबर-चूकपणावर नाहीच. विज्ञान म्हणजे काय हे न्यायाधीशाने ठरवावं का? १९८२ मध्ये आर्कान्सासच्या खटल्यात न्यायाधीशांनी विज्ञानाची लक्षणं लिहून दिली होती तेव्हा लॅरी लॉडन या तत्त्वज्ञाने जोरदार टीका केली होती आणि तो काही क्रिएशनवादी नव्हता. त्याचं म्हणणं की क्रिएशनवादाने तपासण्याजोगे दावे केलेत, पृथ्वी काही हजार वर्षांची आहे, सगळीकडे महापूर आला, हे तपासता येतं आणि तपासल्यावर खोटं निघालंय. मग ते विज्ञान नाही असं कशाला म्हणता, सरळ म्हणा की खोटं ठरलेलं आहे. मेधाताई, तुमच्या लेखात दोन्ही गोष्टी एकत्र आल्यात. एकीकडे म्हणता की इंटेलिजंट डिझाइन तपासता येत नाही आणि दुसरीकडे म्हणता की फ्लॅजेलम आणि रक्त गोठण्याचं तपासलं आणि चूक निघालं. दोन्ही एकदम कसं?

मेधा_कर्वेनगर

निखिल, हे नीट धरलंस. मी असं म्हणेन की दाव्याचे दोन तुकडे आहेत. "भाग काढला की यंत्रणा निकामी आणि म्हणून ती हळूहळू घडूच शकत नाही" हा तुकडा तपासता येतो, तपासला आणि पडला. "म्हणून रचनाकाराने केलं" हा तुकडा तपासता येत नाही, कारण तो काय करणार नाही हे कुठेच सांगितलेलं नाही. बेहीने पहिला तुकडा प्रयोगशाळेच्या भाषेत मांडला आणि निष्कर्ष दुसऱ्या तुकड्याचा काढला. पण कोर्टाने व्याख्या करावी की नाही यावर मी ठाम नाही. पालकांनी आणि बोर्डाने दोघांनीही न्यायाधीशांना त्या प्रश्नावर निर्णय द्यायला सांगितलं होतं हे मात्र लक्षात घे, त्यांनी आपणहून ओढवून घेतलं नव्हतं.

अ‍ॅड_शनिवारपेठ

निखिलच्या प्रश्नाचं भारतीय उत्तर आपल्याकडे आहे आणि ते डोव्हरच्या अगदी उलटं आहे. यूजीसीने २००१ च्या सुमारास विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञान म्हणजे फलज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले तेव्हा हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे संस्थापक पी. एम. भार्गव सुप्रीम कोर्टात गेले. २००४ मध्ये कोर्टाने याचिका फेटाळली, भूमिका साधारण अशी की अभ्यासक्रमाचं तज्ज्ञांच्या मंडळाने ठरवलं आहे, त्यात कोर्टाने पडू नये. घटनेच्या ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलंय, १९७६ पासून, पण कर्तव्य हे हक्कासारखं थेट बजावून घेता येत नाही. म्हणजे आपल्याकडे उद्या कोणी उत्क्रांतीच्या धड्याशेजारी दुसरं काही घातलं तर डोव्हरच्या पालकांसारखं कोर्टात जाऊन जिंकू असं गृहीत धरू नका. आपली लढाई अभ्यासमंडळाच्या टेबलावरच व्हायची.

बाणेरचा_बाबा

धन्यवाद मॅडम, भाच्याचं पुस्तक आणलं. पण मुलगा विचारतोय की माकडं अजून आहेत तर माणूस माकडापासून कसा झाला. २०१८ मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनीपण म्हटलं होतं ना की कोणी माकडाचा माणूस होताना पाहिला नाही. घरी आम्ही काय सांगावं?

श्रुती_पाषाण

हो, सत्यपाल सिंह औरंगाबादला बोलले होते, आणि देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते चुकीचं असल्याचं सांगितलं होतं. मुलाला सांगा की आजच्या माकडापासून माणूस झालेला नाही, आपण आणि चिंपांझी एकाच पूर्वजाच्या दोन शाखा, चुलत भावंडांसारख्या, त्यामुळे ते अजून असण्यात काही विरोध नाही.

आणि कोणी पाहिलं नाही यावर मी शाळांत एक खेळ घेते तो घरीपण करता येईल. डोव्हरमध्ये मिलर यांनी कोर्टाला हाच पुरावा समजावला होता. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, आपल्यात २३. पूर्वज एक असेल तर एक जोडी गेली कुठे? हरवली तर जीव जगणार नाही, त्यात हजारो जनुकं असतात. म्हणजे दोन गुणसूत्रं जोडली गेली असली पाहिजेत, आणि जोडली असतील तर जोडाची खूण सापडलीच पाहिजे, नाही सापडली तर आपलं म्हणणं अडचणीत. मी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चित्रं झेरॉक्स काढून देते, माणसाचं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र आणि चिंपांझीची दोन लहान गुणसूत्रं. मुलं कात्रीने कापतात आणि ती दोन टोकाला टोक लावून माणसाच्या शेजारी ठेवतात, पट्ट्या जुळत जातात. मग विचारते की गुणसूत्राच्या टोकाला नेहमी काय असतं? डीएनएची TTAGGG ही अक्षरं परत परत येणारा तुकडा, बुटाच्या नाडीच्या टोकाला प्लास्टिक असतं तसा. तो टोकालाच असायला हवा, पण माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या आतल्या भागात, जिथे जोड पडायला हवा तिथेच, तो सापडतो, आणि सांध्याच्या एका बाजूला सुलट तर दुसऱ्या बाजूला उलट. १९९१ मध्ये हे सापडलं. शिवाय गुणसूत्राला मध्ये एक आवळलेली जागा असते, इथे तशी दुसरी निकामी झालेली जागापण आहे.

प्रसाद_कोथरूड

हे आवडलं. पण श्रुती, कट्टर माणूस म्हणेल की देवाने तसंच बनवलं, जोडासकट.

श्रुती_पाषाण

म्हणेल, आणि त्याला मी खोटं पाडू शकत नाही. पण त्याने जोडाची जागा आधी सांगितली नव्हती, २४ विरुद्ध २३ वरून ती शोधायला लावली ती समान पूर्वजाच्या कल्पनेने. एक कल्पना काय सापडेल ते आधी सांगते, दुसरी सापडल्यावर तेही चालेल म्हणते. मुलांना मी हा फरक दाखवते आणि थांबते, देवाबद्दल वर्गात काहीच बोलत नाही.

वसुधा_जोशी

मी इथे श्रुतीशी सहमत नाही. माझ्या मते इंटेलिजंट डिझाइनचा युक्तिवाद वर्गात आणावाच, फ्लॅजेलमसकट, आणि मुलांना तो स्वतः तपासू द्यावा. मोबाइलवर व्हिडिओ येतोच, तो आधी शिक्षकाकडून ऐकलेला बरा.

मेधा_कर्वेनगर

वसुधाताई, मला याची भीती वाटते. दहावीला या अख्ख्या धड्याला किती तास मिळतात ते तुम्हाला माहीत आहे. त्यातला एक तास ज्या कल्पनेकडे धडा नाही तिला दिला तर श्रुतीचा कात्रीचा खेळ कुठे बसवायचा? आणि फ्लॅजेलमचं उत्तर समजायला प्रथिनं यायला हवीत, ती बारावीशिवाय येत नाहीत. मूल प्रश्न लक्षात ठेवेल, उत्तर अर्धंच कळेल. अकरावी-बारावीला मात्र तुमचं पटतं, तिथे मी यंदा ते करून बघणार आहे. श्रुती, ती पट्ट्यांची झेरॉक्स इथे टाकशील का?

श्रुती_पाषाण

टाकते. ए-फोरवर दोन सेट बसतात. चिंपांझीची गुणसूत्रं माणसाच्याच मापाला आणलेली आहेत, त्यामुळे सगळा सेट एकाच मापात प्रिंट करा, नाहीतर पट्ट्या जुळणार नाहीत आणि मुलं म्हणतील जोड नाहीच.